कुरआन एकत्र कसे झाले? पैगंबरांच्या निधनानंतरच्या संकलनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैगंबर मुहम्मद (स.) यांचे निधन इ.स. ६३२ मध्ये, म्हणजे हिजरी ११ मध्ये झाले. त्यानंतर साधारण वीस वर्षांत कुरआनचे दोनदा संकलन झाले. पहिले हजरत अबू बकर यांच्या काळात आणि दुसरे हजरत उस्मान यांच्या काळात. दोन्ही वेळा मुख्य काम एकाच माणसाकडे होते, ते म्हणजे मदीनेचे झैद बिन साबित. या दोन कामांची लोक वारंवार सरमिसळ करतात आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. खालची उत्तरे जुन्या मुस्लिम ग्रंथकारांनी नोंदवून ठेवलेल्या हकिकतींवर आधारलेली आहेत. यातला मुख्य आधार बुखारींच्या हदीससंग्रहाचा आहे, कारण त्यात ही हकिकत खुद्द झैद यांच्या तोंडून येते.

पैगंबरांचे निधन झाले तेव्हा कुरआन पुस्तकाच्या रूपात होते का?

नव्हते. पण लिहिलेले मात्र होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढचे सगळे समजायला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

आयत उतरली की पैगंबर आपल्या लेखनिकांपैकी कोणाला तरी बोलावून ती लिहून घेत, आणि ती कोणत्या सूरहमध्ये कुठे बसवायची हेही सांगत. लिहायला मिळेल ते वापरले जाई: कातड्याचे तुकडे, खजुराच्या झावळ्यांचे रुंद देठ, पातळ पांढरे दगड, उंटाच्या किंवा बकऱ्याच्या खांद्याची सपाट हाडे. अनेक सहाबींकडे स्वतःसाठी लिहून घेतलेले भाग होते. याशिवाय पाठांतर होतेच, कारण रोजच्या नमाजमध्ये कुरआन म्हटले जात होते. दर रमजानमध्ये जिब्रील पैगंबरांबरोबर तोवर उतरलेल्या कुरआनची उजळणी करत आणि शेवटच्या वर्षी ती दोनदा झाली, असे हदीसमध्ये येते.

मग एकत्र ग्रंथ का बांधला नाही? चौथ्या हिजरी शतकातले विद्वान खत्ताबी यांचे उत्तर मला सर्वांत पटते. आयती उतरणे अजून चालू होते. नवी आयत जुन्या सूरहच्या मध्ये बसू शकत होती आणि एखादा हुकूम रद्दही होऊ शकत होता. पैगंबर हयात असेपर्यंत शेवटचे पान कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

संकलनाचा विचार आधी कोणाच्या मनात आला?

हजरत उमर यांच्या. निमित्त झाले यमामाच्या लढाईचे. पैगंबरांच्या निधनानंतर वर्षभरातच मुसैलिमा या पैगंबरीचा दावा करणाऱ्या माणसाविरुद्ध ही लढाई झाली आणि तिच्यात कुरआन मुखोद्गत असलेले बरेच लोक मारले गेले. अबू हुजैफा यांचे मुक्त केलेले गुलाम सालिम हे त्यांपैकीच. कुरआन ज्या चौघांकडून शिका असे पैगंबरांनी सांगितले होते, त्यांत सालिम यांचे नाव होते.

उमर यांनी खलिफा अबू बकर यांना सांगितले की इतर रणांगणांवरही असेच पाठ असलेले लोक जात राहिले तर कुरआनचा मोठा भाग हातचा जाईल, तेव्हा तो एकत्र करायचा हुकूम द्या. अबू बकर यांनी लगेच मान डोलावली नाही. "जे अल्लाहच्या पैगंबरांनी केले नाही, ते मी कसे करू?" हा त्यांचा सवाल होता. उमर म्हणाले, "अल्लाहची शपथ, यात भलेच आहे." ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तेव्हा कुठे अबू बकर यांना ते पटले. मग झैद यांना बोलावणे गेले, आणि झैद यांनीही आधी तोच प्रश्न विचारला.

हा संकोच सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. मुहासिबी या तिसऱ्या हिजरी शतकातल्या विद्वानाने त्यावर लिहिले आहे. त्यांच्या मते कुरआन लिहिणे ही नवी गोष्ट नव्हतीच, पैगंबर स्वतःच लिहून घेत होते. अबू बकर यांनी इतकेच केले, की एखाद्याला घरात विखुरलेली पाने सापडावीत आणि एकही गहाळ होऊ नये म्हणून त्याने ती दोऱ्याने बांधून ठेवावीत.

ज्येष्ठ सहाबी असताना तरुण झैद यांचीच निवड का झाली?

अबू बकर यांनी कारणे स्वतःच सांगितली: तू तरुण आहेस, समजूतदार आहेस, तुझ्याबद्दल आमच्या मनात कसलाही संशय नाही आणि तू पैगंबरांसाठी आयती लिहीत होतास. पैगंबर मदीनेत आले तेव्हा झैद अकरा वर्षांचे होते, म्हणजे या वेळी ते विशीच्या थोडे पुढे असावेत. पैगंबरांच्या सांगण्यावरून ते यहुदींची लिपीही शिकले होते, पत्रव्यवहारात फसगत होऊ नये म्हणून. सराव असलेला, मदीनेतच राहणारा आणि घरोघर फिरून काम करू शकेल असा लेखनिक हवा होता. झैद यांना मात्र ते ओझेच वाटले. एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी तो मला याहून जड गेला नसता, असे त्यांनी पुढे सांगितले.

आयत स्वीकारायची की नाही, हे कसे ठरवत?

झैद यांना स्वतःला कुरआन पाठ होते. त्यांना नुसते आठवून लिहून काढायचे असते तर ते एका जागी बसून लिहिता आले असते. त्यांनी तसे केले नाही. "मी कुरआन शोधू लागलो" हे त्यांचेच शब्द आहेत. झावळ्यांचे देठ, दगड आणि माणसांची हृदये, अशी तीन ठिकाणे ते सांगतात.

इब्न अबी दाऊद यांच्या संग्रहात आणखी एक नोंद आहे. अबू बकर यांनी उमर आणि झैद यांना सांगितले, की मशिदीच्या दाराशी बसा आणि जो कोणी अल्लाहच्या ग्रंथातला एखादा भाग दोन साक्षींसह आणील, तो लिहून घ्या. या नोंदीची सांगणाऱ्यांची साखळी मध्येच तुटलेली आहे, हे प्राचीन अभ्यासकांनीच दाखवले आहे. तरी तिच्यातल्या पद्धतीला इतर हकिकतींचा दुजोरा मिळतो, म्हणून ती टाकून दिली गेली नाही.

दोन साक्षी म्हणजे काय, यावर मतभेद आहेत. नवव्या हिजरी शतकातले इब्न हजर सुचवतात की एक साक्ष पाठांतराची आणि दुसरी लेखी तुकड्याची असावी. त्यांच्या आधीचे सखावी म्हणतात, की दोन माणसांनी सांगायचे, हा तुकडा पैगंबरांच्या समोर लिहिला गेला. कोणताही अर्थ घेतला तरी निष्कर्ष एकच निघतो. नुसते पाठ असणे पुरेसे नव्हते, आणि नुसता कोणाकडे तरी सापडलेला लेखी तुकडाही पुरेसा नव्हता.

'तौबा' सूरहच्या शेवटच्या दोन आयती एकाच माणसाकडे सापडल्या. मग दोन साक्षींचा नियम मोडला नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा असा आहे. झैद सांगतात, की तौबाचा शेवट मला अबू खुजैमा अन्सारी यांच्याकडे सापडला, दुसऱ्या कोणाकडेही सापडला नाही. या आयती १२८ आणि १२९ आहेत. तुमच्यातूनच एक पैगंबर तुमच्याकडे आले आहेत, तुमचा त्रास त्यांना जड जातो, असे पहिलीत म्हटले आहे.

आता 'सापडला नाही' याचा अर्थ नीट पाहू. झैद काही शोधत होते, याचाच अर्थ काय शोधायचे ते त्यांना माहीत होते. आयत मुळात ठाऊकच नसती तर ती गायब आहे हे लक्षात आले नसते. म्हणून जुने टीकाकार सांगतात, की उणीव लेखी पुराव्याची होती, आयत माहीत असणाऱ्यांची नव्हती. याला आधार देणारी एक वेगळी हकिकतही आहे. संकलन करणारे तौबाच्या १२७ व्या आयतीपाशी आले तेव्हा काहींना वाटले, सूरह इथेच संपते. तेव्हा उबय्य बिन कअब म्हणाले, की यानंतर पैगंबरांनी मला आणखी दोन आयती शिकवल्या होत्या, आणि त्यांनी त्या म्हणून दाखवल्या. म्हणजे स्वतः झैद, उबय्य आणि अबू खुजैमा असे निदान तीन जाणकार होते. लेखी तुकडा मात्र एकाकडेच निघाला.

माझ्या मते या हकिकतीचे खरे मोल वेगळेच आहे. काम सुरळीत पार पडले, असे सांगून झैद यांना मोकळे होता आले असते. त्याऐवजी एका जागी पुरावा किती जेमतेम मिळाला, हे त्यांनी स्वतःहून सांगून ठेवले आणि बुखारींनी ते तसेच नोंदवले.

'अहजाब'मधल्या आयतीचीही अशीच गोष्ट आहे ना?

आहे, पण ती वेगळ्या वेळची आणि वेगळ्या माणसाची. नावे सारखी असल्यामुळे घोटाळा होतो, आणि जुन्या कथनांतही काही ठिकाणी तो झालेला दिसतो. इब्न हजर यांनी तो असा सोडवला: तौबाच्या आयती अबू खुजैमा यांच्याकडे पहिल्या संकलनात मिळाल्या, आणि अहजाबची २३ वी आयत खुजैमा बिन साबित यांच्याकडे उस्मान यांच्या काळात मिळाली. त्या आयतीबद्दल झैद स्पष्ट म्हणतात, की पैगंबरांना ती म्हणताना मी ऐकत असे. म्हणजे इथेही पाठ होती, लेखी हवी होती.

खुजैमा यांची साक्ष पैगंबरांनी दोन माणसांच्या बरोबरीची ठरवली होती. त्यामागची घटना अबू दाऊद यांनी दिली आहे. पैगंबरांनी एका बदूकडून घोडा विकत घेतला. वाटेत लोक त्याला जास्त भाव देऊ लागले, तसा तो व्यवहार झालाच नाही म्हणू लागला आणि साक्षीदार मागू लागला. सौद्याच्या वेळी हजर नसूनही खुजैमा पुढे आले आणि त्यांनी साक्ष दिली. कशाच्या जोरावर साक्ष देतोस, असे पैगंबरांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, तुमच्या खरेपणावरच्या विश्वासावर.

एखाद्याने आणलेला भाग नाकारला गेला, असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते चक्क उमर यांचे आहे. लैस बिन साद यांच्या नावाने आलेली नोंद सुयूती यांनी दिली आहे: व्यभिचाराच्या शिक्षेत दगडाने मारण्याबद्दलची आयत उमर यांनी आणली, पण साक्षीला ते एकटेच असल्यामुळे ती लिहिली गेली नाही. त्या आयतीचा हुकूम राहिला पण शब्द रद्द झाले, असे बहुतेक फकीह मानतात. तो वाद मोठा आहे. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ज्यांच्या आग्रहावरून काम सुरू झाले होते, त्यांनाही नियमातून सूट मिळाली नाही.

एकदा संकलन झाले होते, तर उस्मान यांना पुन्हा का करावे लागले?

कारण पहिल्या वेळी भीती होती काही हरवण्याची, आणि दुसऱ्या वेळी होती फाटाफुटीची.

अबू बकर यांच्या वेळी तयार झालेली पाने आधी त्यांच्याकडे, मग उमर यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी, पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिली. ती पाने प्रांतोप्रांती पाठवली गेली नव्हती. तिकडे लोक आपापल्या शिक्षकाकडून शिकत होते. कूफामध्ये इब्न मसऊद यांचे पठण चाले, बसरामध्ये अबू मूसा अशअरी यांचे, शाममध्ये, म्हणजे सीरियाकडच्या भागात, उबय्य यांचे. पठणाच्या अनेक पद्धतींना खुद्द पैगंबरांनी परवानगी दिली होती. उमर यांनी एकदा हिशाम बिन हकीम यांना 'फुरकान' सूरह वेगळ्या रीतीने म्हणताना ऐकले आणि त्यांच्याच चादरीला धरून त्यांना पैगंबरांकडे नेले. पैगंबरांनी दोघांकडून म्हणवून घेतले आणि दोघांनाही बरोबर ठरवले. मदीनेत हे समजावून सांगायला पैगंबर होते. आर्मेनिया आणि अझरबैजानच्या मोहिमेवर शाम आणि इराकचे सैनिक एकत्र आले, तेव्हा समजावणारे कोणी नव्हते. माझेच पठण खरे, असे म्हणत ते एकमेकांवर धावून जाऊ लागले.

हे पाहून हुजैफा बिन यमान थेट उस्मान यांच्याकडे आले आणि म्हणाले, की यहुदी आणि ख्रिस्ती लोकांसारखी ही उम्मत आपल्या ग्रंथावरून भांडू लागण्याआधी तिला सावरा. इब्न हजर या घटनेचे साल हिजरी २५ धरतात, तर काही इतिहासकार ३० च्या आसपास.

उस्मान यांच्या समितीने नेमके काय केले?

उस्मान यांनी हफ्सा यांच्याकडून पाने मागवली, नकला करून परत देतो असे सांगून. झैद यांच्या जोडीला त्यांनी कुरैशचे तिघे दिले: अब्दुल्लाह बिन जुबैर, सईद बिन आस आणि अब्दुर्रहमान बिन हारिस. तुमचे आणि झैदचे जिथे जमणार नाही तिथे कुरैशच्या बोलीप्रमाणे लिहा, कारण कुरआन त्यांच्याच बोलीत उतरले, अशी सूचना होती.

या मतभेदाचे एक उदाहरण तिरमिजी यांनी जपले आहे. 'ताबूत' (पेटी) या शब्दाच्या शेवटी कोणते अक्षर लिहायचे, यावर अडले. मदीनेचे झैद म्हणत 'ताबूह', कुरैशचे तिघे म्हणत 'ताबूत'. प्रकरण उस्मान यांच्यापर्यंत गेले आणि 'ताबूत' लिहिले गेले. मतभेद म्हणून नोंदवण्यासारखी गोष्ट एका शेवटच्या अक्षराची होती, यावरून दुसऱ्या कामाचे स्वरूप कळते. मजकूर नव्याने शोधायचा नव्हता. हाती असलेल्या पानांवरून एकसारख्या नकला करायच्या होत्या.

बाकीच्या प्रती जाळल्या, हे खरे का? त्याला विरोध झाला नाही?

खरे आहे, बुखारींमध्येच आहे. नव्या प्रती रवाना झाल्यावर इतर सुटी पाने आणि खासगी प्रती जाळून टाकायचा हुकूम निघाला.

विरोधही झाला, आणि तो साध्यासुध्या माणसाचा नव्हता. कूफामध्ये इब्न मसऊद यांनी लोकांना आपापल्या प्रती लपवून ठेवायला सांगितले. मी पैगंबरांच्या तोंडून सत्तरहून अधिक सूरह शिकलो तेव्हा झैद मुलांत खेळत होता, असे ते म्हणाले. त्यांना डावलले गेल्याचे दुःख या शब्दांत दडलेले नाही. इब्न हजर याचे व्यावहारिक कारण देतात: काम मदीनेत होते, इब्न मसऊद कूफात होते, काम तातडीचे होते आणि झैद यांनी पहिले संकलन केलेलेच होते. काही नोंदींनुसार इब्न मसऊद यांच्या प्रतीत शेवटच्या दोन लहान सूरह नव्हत्या. त्या नोंदी कितपत खऱ्या, यावर मुस्लिम विद्वानांचे एकमत नाही. इब्न हज्म आणि नववी त्या नाकारतात, इब्न हजर त्या खऱ्या मानून त्यांचा अर्थ लावतात.

दुसऱ्या बाजूला हजरत अली यांचे म्हणणे इब्न अबी दाऊद यांनी दिले आहे: उस्मान यांच्याबद्दल वाईट बोलू नका, त्यांनी जे केले ते आमच्या सर्वांच्या सल्ल्याने केले.

किती प्रती पाठवल्या? त्या अक्षरशः सारख्या होत्या का?

पाचव्या हिजरी शतकातले दानी हे या विषयातले सर्वांत भरवशाचे नाव. ते म्हणतात, की बहुतेकांच्या मते प्रती चार होत्या: कूफा, बसरा, शाम आणि मदीना. सात होत्या असेही एक मत आहे, ज्यात मक्का, यमन आणि बहरैन यांची भर पडते.

अक्षरशः सारख्या मात्र नव्हत्या. दानी यांनी फरकांची यादीच दिली आहे. 'आले इम्रान'च्या १३३ व्या आयतीच्या सुरुवातीचा 'व' (आणि) मदीना आणि शामच्या प्रतींत नाही, इराकच्या प्रतींत आहे. 'तौबा'च्या १०० व्या आयतीत मक्केच्या प्रतीत 'मिन' हा शब्द जास्त आहे. असे फरक मोजके आहेत. मान्य असलेली दोन्ही पठणे एकाच प्रतीत मावत नव्हती, म्हणून ती मुद्दाम वेगवेगळ्या प्रतींत विभागली, असे दानी यांचे स्पष्टीकरण आहे. त्या त्या शहरातले कारी आपापल्या प्रतीच्या परंपरेप्रमाणे म्हणत, आणि त्यांतली काही पठणे आजही चालू आहेत. वर्श यांचे मदीनेचे पठण उत्तर आफ्रिकेत चालते, त्यात तो 'व' नाही. महाराष्ट्रातल्या मशिदींत आणि मदरशांत हफ्स यांचे कूफाचे पठण चालते, त्यात तो आहे.

त्या प्रतींत अक्षरांचे नुक्ते आणि स्वरांची जेर-जबर चिन्हे नव्हती. मग वाचत कसे?

ऐकून. प्रत पाठाला आधार देत होती, त्याची जागा घेत नव्हती. कूफामध्ये अबू अब्दुर्रहमान सुलमी उस्मान यांच्या काळापासून इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळापर्यंत शिकवत राहिले, असे बुखारी सांगतात. त्यांचे शिष्य आसिम आणि आसिम यांचे शिष्य हफ्स. आपल्याकडच्या छापील प्रतीतले पठण याच साखळीने आले आहे.

स्वरांसाठी रंगीत शाईचे ठिपके अबू अस्वद दुअली यांच्या नावावर सांगितले जातात, आणि सध्याच्या चिन्हांचे श्रेय दुसऱ्या हिजरी शतकातल्या खलील बिन अहमद यांना देतात. पाठाची सत्ता अजूनही कायम आहे. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजला इमामाच्या मागे दुसरा हाफिज उभा असतो. इमाम एखाद्या शब्दाला अडखळला, की तो मागून लगेच पुढचा शब्द देतो. याला लुकमा देणे म्हणतात.

हफ्सा यांच्याकडच्या मूळ पानांचे काय झाले?

उस्मान यांनी शब्द पाळून ती परत केली. मदीनेचा सुभेदार असताना मरवान ती मागत राहिला आणि हफ्सा नाकारत राहिल्या. त्यांचे निधन झाले तेव्हा, दफनविधी उरकताच, मरवानने त्यांचे भाऊ अब्दुल्लाह बिन उमर यांच्याकडून पाने मागवली आणि नष्ट केली. फाडली, धुतली की जाळली, यावर नोंदी वेगळ्या आहेत. पुढे कोणी या पानांचे नाव काढून संशय उभा करू नये, हे कारण त्याने दिले. पानांत जे होते ते नव्या प्रतींत आलेच आहे, असे त्याचे म्हणणे होते. तरीही मूळ पुरावा गेला, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही.

उस्मान यांच्या प्रतींपैकी एखादी आज आहे का?

खात्रीने त्यांचीच म्हणता येईल अशी नाही. आठव्या हिजरी शतकात इब्न कसीर यांनी दमास्कसच्या मोठ्या मशिदीत शामची म्हणून जपलेली प्रत पाहिली होती. ती आधी तबरियात होती आणि हिजरी ५१८ च्या सुमारास दमास्कसला आणली गेली, असे ते लिहितात. मोठा ग्रंथ, ठसठशीत सुंदर अक्षर, पक्की शाई आणि बहुधा उंटाच्या कातड्याची पाने, असे तिचे वर्णन त्यांनी केले आहे. आज ताश्कंद आणि इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातल्या प्रती उस्मान यांच्या म्हणून दाखवल्या जातात. पण त्यांतली लिपी आणि खुणा पाहून अभ्यासक, तुर्की मुस्लिम विद्वान तय्यार आल्तीकुलाच यांच्यासह, त्या त्यांच्यानंतरच्या काळातल्या ठरवतात.